तंजावरच्या बाजारातली पुसट पाटी: वाचनाच्या नोंदी

४ जानेवारी

बृहदीश्वराच्या देवळातला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहायला तंजावरला आले. सरफोजी राजांनी १८०३ साली भिंतीवर कोरून घेतलेला हा मजकूर देवनागरीत आहे. दोनशे वर्षांनंतरही तो भिंतीपाशी उभं राहून वाचता येतो. परतताना बाजारातल्या एका अरुंद गल्लीत एक पत्र्याची पाटी दिसली. ती त्या लेखाच्या मानाने अगदी अलीकडची असणार, तरी तिच्यावर काही लिहिलंय हे कळायलाच वेळ लागला.

पाटी स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर आहे. लांबी साधारण पाच फूट. मुळात आकाशी रंगावर लाल अक्षरं असावीत. आकाशी रंगाची पांढरी भुकटी झाली आहे, लालाचा फिकट गुलाबी. ओळी तीन. वरची ओळ बहुतेक गंजाने खाल्लेली, मधली सर्वांत मोठी आणि सर्वांत शाबूत, खालच्या ओळीचं फक्त उजवं टोक उरलंय.

मला तमिळ लिपी येत नाही. जवळ लहान मुलांच्या अंकलिपीतला अक्षरतक्ता आहे आणि इथे काही दिवस मुक्काम आहे. तेवढ्यात ही पाटी वाचायची ठरवली. परक्या लिपीतली झिजलेली पाटी वाचायला बसणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

दुकानदार तरुण आहेत, हिंदी बऱ्यापैकी बोलतात. पाटीबद्दल विचारलं तर म्हणाले, "अक्का, ते जुनं बोर्ड आहे. आम्ही दुकान घेतलं तेव्हापासून तसंच आहे. त्याच्यावर काही नाही." फोटो काढायला मात्र आनंदाने परवानगी दिली.

५ जानेवारी

सकाळी फोटो काढले. रस्त्याच्या पलीकडच्या ओट्यावरून, पाटीच्या अगदी समोरून. बाजूने काढला तर अक्षरांची रुंदी बदलते आणि मग मोजमापावर विसंबता येत नाही.

तक्ता शेजारी ठेवून एकेक आकार जुळवायला बसले. निष्पन्न काही झालं नाही. पाहावं ते अक्षर 'क' वाटतं. तमिळमधल्या क, त आणि च या तिघांची डावी बाजू जवळजवळ सारखीच: वर आडवी रेघ, तिला टेकलेली उभी रेघ, डावीकडे पोटाचा फुगवटा. फरक उजवीकडे आणि खाली. 'त' ची शेपटी ओळीच्या खाली उतरून डावीकडे वळते, 'क' ची उतरत नाही. आणि या पाटीवर अक्षरांचा नेमका खालचाच भाग झिजलाय, कारण पाणी तिथे ओघळून थांबतं.

तेव्हा अक्षर ओळखण्याचा नाद सोडून आधी रेघा टिपायच्या ठरवल्या. वहीत मधल्या ओळीच्या प्रत्येक आकाराला एक घर आखलं. घरात तीन प्रकारच्या रेघा: नक्की दिसते ती ठळक, आहे असं वाटतं ती तुटक, आणि जिथे रंगच उडालाय ती जागा तिरप्या रेघांनी भरलेली. हा तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. रेघ नाही आणि रेघ दिसत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर दोन्ही कोऱ्या ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी आपल्यालाच त्यांतला फरक आठवत नाही.

मधल्या ओळीत सात घरं भरली. पहिला आकार वरून उघड्या चौकटीसारखा, म्हणजे 'प' किंवा 'प' चं काहीतरी. दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा हे सगळे त्या क-त-च कुटुंबातले. सहावा म्हणजे एक कमान आणि दोन पाय. सातवा तक्त्यात कुठेच नाही.

६ जानेवारी

दुकानदारांनी वही पाहिली. 'प' वर बोट ठेवून लगेच म्हणाले, "पात्तिरक्कडै! भांड्यांचं दुकान. दुसरं काय असणार?"

पटलं. पात्र हा शब्द आपलाच, पहिलं अक्षर 'प' जुळतंय, पुढे 'त' असू शकतं, आणि खाली भांडी रचून ठेवलेलीच आहेत. दुपारभर बसून मी तुटक रेघा या शब्दाला जुळतील अशा पुऱ्या केल्या. एकदा शब्द डोक्यात बसला की डोळे त्याच्याच रेघा शोधतात. गंजाच्या एका ओघळात मला वेलांटीसुद्धा दिसायला लागली होती.

संध्याकाळी दुकानदारांकडून तोच शब्द कोऱ्या कागदावर लिहून घेतला आणि आकार मोजले. तमिळमध्ये आपल्यासारखी जोडाक्षरं नसतात. अर्धं अक्षर पूर्णच लिहितात आणि डोक्यावर टिंब देतात, त्याला पुळ्ळि म्हणतात. काना हा वेगळा, स्वतःची रुंदी असलेला आकार असतो, ऐकाराची खूण अक्षराच्या आधी वेगळी लिहितात. त्यामुळे लिपी येत नसली तरी शब्दाला जागा किती लागेल ते मोजता येतं. 'पात्तिरक्कडै' ला नऊ आकार लागतात. पाटीवर सात आहेत.

दुसरी गोष्ट शेवटच्या अक्षराची. तमिळ 'ट' (याचाच उच्चार शब्दात मध्ये 'ड' होतो) म्हणजे नुसता काटकोन, एक उभी रेघ आणि एक आडवी. तक्त्यातलं सर्वांत सोपं अक्षर. पाटीवरचा सातवा आकार झिजलाय खरा, पण तो गोलाईचा आहे, त्यात वेटोळी आहेत. काटकोन झिजून त्याची वेटोळी होत नाहीत.

भांड्यांचं दुकान बाद. पुऱ्या केलेल्या रेघा खोडण्यापेक्षा ते पानच सोडून दिलं आणि फोटोवरून नव्याने रेघा उतरवल्या.

७ जानेवारी

आज रंगाचं काम. नुसता कॉन्ट्रास्ट वाढवला तर गंजाचे डागही तितकेच गडद होतात. तेव्हा फोटोतले लाल, हिरवा, निळा हे थर वेगळे करून पाहिले. लॅपटॉपवर फोटोंवर काम करणारा इमेजमॅजिक हा प्रोग्राम होता:

```
magick pati.jpg -channel G -separate hirva.png
```

लाल थरात अक्षरं जवळजवळ नाहीशी होतात, कारण गुलाबी आणि पांढरा दोन्ही तिथे उजळच असतात. निळ्या थरात अक्षरं गडद येतात पण गंज त्याहून गडद येतो आणि सगळं एकमेकांत मिसळतं. हिरव्या थरात गुलाबी रंग ठीक उठतो आणि गंज त्या मानाने फिका राहतो. आपली पाटी दुसऱ्या रंगाची असेल तर थर दुसरा लागेल. तिन्ही काढून शेजारी शेजारी ठेवावेत.

यातून मिळालं ते इतकंच: दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आकारांच्या उजव्या बाजू स्पष्ट झाल्या. तिघंही 'च' नाहीत. पाचवा मात्र बहुधा 'च'. खालचा भाग अजून अंधारात.

एक नुकसानही झालं. मी फोटोत गुंतले असताना दुकानदारांच्या मदतनीसाने चांगुलपणाने शिडी लावली आणि ओल्या फडक्याने पाटीचा खालचा कोपरा पुसला. फडक्यावर आकाशी आणि गुलाबी रंग आला. जुन्या ऑइलपेंटमधलं रंग धरून ठेवणारं तेल उन्हाने जळून जातं, उरते ती नुसती रंगाची भुकटी, आणि ती पाण्याने सहज सुटते. खालच्या ओळीतल्या शेवटच्या आकाराची एक कड गेली. नशिबाने ५ तारखेच्या फोटोत ती आहे. पाटीला हात लागण्याआधी फोटो काढून ठेवावेत, आणि दुकानातल्या सगळ्यांना आधीच सांगावं की कुणी पुसू नका.

८ जानेवारी

सर्वांत जास्त आजच उलगडलं, आणि तेही उन्हामुळे.

पाटी पूर्वेकडे तोंड करून आहे, वर छज्जा नाही. सकाळभर ऊन समोरून पडतं तेव्हा पत्रा सपाट दिसतो. पण माथ्यावर सूर्य यायच्या थोडं आधी ऊन पाटीच्या पृष्ठभागाला घासून खाली उतरतं. तंजावर आपल्या घड्याळाच्या प्रमाण रेखावृत्ताच्या पश्चिमेला असल्याने आणि जानेवारी असल्याने इथे खरी मध्यान्ह बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास होते. बारा वाजल्यापासून ओट्यावर बसून राहिले.

अक्षरांचा रंग पार्श्वभूमीच्या रंगावर दुसरा हात म्हणून चढवलेला असतो. भोवतालचा रंग भुकटी होऊन झडतो, अक्षराखालचा झाकलेला राहतो. वरचा लाल उडून गेला तरी अक्षराच्या जागी पातळ उंचवटा शिल्लक असतो. समोरच्या उजेडात तो दिसत नाही. घासून येणाऱ्या उन्हात त्याच्या कडेला केसाएवढी सावली पडते. सव्वाबाराच्या सुमारास मधली ओळ एकदम पत्र्यातून वर आली. थोडा वेळच टिकली, मग पाटी पूर्ण सावलीत गेली. तेवढ्यात जमतील तितके फोटो घेतले.

आता घराघराने:

पहिल्या आकाराची उजवी उभी रेघ ओळीवर थांबत नाही, सरळ खाली उतरते. रंग तिथला पूर्ण गेलाय, फक्त उंचवटा आहे. तक्त्यात असा एकच आकार सापडला: 'पु'. तमिळमध्ये उकार वेगळी मात्रा म्हणून लागत नाही, अक्षराचंच अंग बदलतं, आणि प्रत्येक अक्षराचं वेगळ्या तऱ्हेने. म्हणून उकारांची ओळ तक्त्यातून स्वतंत्र पाठ करावी लागते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकाराला ओळीखाली शेपटी आहे, डावीकडे वळलेली. दोन्ही 'त'. चौथ्याला शेपटी नाही आणि तिथला पत्रा शाबूत आहे, म्हणजे शेपटी खरोखरच नाही. तो 'क'.

दुसऱ्या आकाराच्या डोक्यावर उडदाएवढा एक फुगवटा आहे. रंगात त्याचा मागमूस नव्हता. तो पुळ्ळि असला पाहिजे. त्यामुळे 'पुतत' नाही, 'पुत्त'.

पु-त्-त-क. एवढं मी स्वतः वाचलं. तमिळमध्ये क आणि ग ला एकच अक्षर आहे, दोन स्वरांमध्ये ते 'ग' सारखं उच्चारतात, म्हणजे 'पुत्तग'. पुढचे तीन आकार सुटायच्या आधी अर्थ लावायचा नाही असं ६ तारखेनंतर ठरवलं होतं. पण मराठी माणसाला 'पुत्तक' दिसल्यावर पुढचं सुचायचं थांबत नाही. वहीत अंदाज वेगळ्या पानावर लिहून ठेवला आणि ते पान दुमडलं.

९ जानेवारी

पाचवा 'च'. तोच 'स' म्हणूनही वाचला जातो.

सहाव्याने बराच वेळ घेतला. कमान आणि दोन पाय हा आकार तक्त्यात दोन ठिकाणी आहे: 'र' हे अक्षर, आणि काना. नव्या छपाईत 'र' ला खाली छोटी तिरकी शेपटी दाखवतात, जुन्या वळणात दोन्ही सारखेच असू शकतात. म्हणजे 'सर' की 'सा'? शेपटी आहे का ते पाहायला कालचं ऊन पुरेसं नव्हतं. ऊन वरून डावीकडून आलं होतं, आणि त्याच दिशेने धावणाऱ्या तिरक्या रेघेला सावली पडत नाही.

म्हणून रात्री दुकान बंद करायच्या वेळी शिडी मागितली आणि टॉर्च पाटीला टेकवून उजवीकडून, मग थेट खालून उजेड टाकला. खालून उजेड टाकल्यावर पत्र्यावरच्या ब्रशच्या केसांच्या रेषासुद्धा दिसल्या. कमानीच्या वरच्या वळणावर रंग जाड, पायाशी पातळ. शेपटी नाही. पण लिहिणाऱ्याचं वळण जुनं असेल तर यावरून काहीच ठरत नाही. घरात 'र किंवा काना' असंच लिहिलं.

सातवा आकार: खाली एक गोलाईचं अंग, आणि त्याच्या डाव्या अंगाला वर उठून वळलेली जाड रेघ, अंगालाच जोडलेली. तक्त्यात अशी रेघ कुठेही नाही. आधी वाटलं की ही सजावट असावी, पाटीच्या शेवटी रंगारी काढतात तशी.

मग खालची ओळ पाहिली. तिच्या उजव्या टोकाला चार आकार उरलेत आणि त्यांतल्या शेवटच्यालाही हीच रेघ आहे. वळण तेच, जाडी तीच, जोडायची जागा तीच. पण खालचं अंग वेगळं! मधल्या ओळीतलं अंग 'ल' सारखं, खालच्या ओळीतलं वेटोळ्यांचं.

दोन वेगळ्या अंगांवर एकच खूण, आणि दोन्ही वेळा शब्दाच्या अखेरीस. ही सजावटही नाही आणि वेगळं अक्षरही नाही, ही स्वराची खूण असली पाहिजे. तक्त्यात ती नसेल तर कमतरता तक्त्यात आहे. इथून पुढे एकटीने जाणं शक्य नव्हतं. कुणाला विचारायचं ते मात्र आता नीट कळलं होतं: पाटीवर काय आहे असं विचारायचं नाही, ही एक रेघ काढून दाखवायची आणि ही काय आहे असं विचारायचं.

१० जानेवारी

दुकानदारांनी एका निवृत्त पेंटरकडे नेलं. उमर झालेली, पण नजर ठीक. पूर्वी बाजारातल्या पाट्या हातानं रंगवायचे, फ्लेक्स आल्यावर काम थांबलं. मी फक्त खालच्या ओळीतला आकार मोठा काढून नेला होता. बाकी काही दाखवलं नाही.

त्यांनी कागद हातातही घेतला नाही. हवेत बोटाने तीच रेघ काढली, डावीकडून वर उचलून अंगात उतरवली, आणि म्हणाले, "सोंड. आता कोण काढतं ही?"

दुकानदार दुभाषी झाले. ही ऐकाराची जुनी खूण. तमिळमध्ये ऐकार एरवी अक्षराच्या आधी वेगळ्या मात्रेने लिहितात. पण ण, न, ल आणि ळ या चौघांना तो सोंडेसारखा जोडून यायचा. १९७८ मध्ये तमिळनाडू सरकारने हे जुने जोड रद्द करून सगळीकडे एकच मात्रा ठेवली. या चार सोंडा, शिवाय काना आणि ओकार लागताना रूप बदलणारी ण, न आणि आणखी एका 'र' ची नऊ अक्षरं, अशी तेरा रूपं बदलली. समाजसुधारक पेरियार आपल्या 'कुडि अरसु' पत्रात १९३५ पासूनच ही सुधारित अक्षरं वापरत होते. माझी अंकलिपी नवी, तिच्यात सोंड असण्याचं कारणच नाही.

मी विचारलं, "अय्या, म्हणजे पाटी १९७८ च्या आधीची?"

ते नाही म्हणाले. सरकारने अक्षरं बदलली, हात बदलायला वर्षं लागली. त्यांनी स्वतः पुढेही बराच काळ गिऱ्हाइकाने हटकलं नाही तर सोंडच काढली. तिच्यात ब्रश एकदाच टेकतो आणि अक्षर पुरं होतं, वेगळ्या मात्रेला जागाही जास्त लागते. तेव्हा सोंडेवरून एवढंच कळतं की रंगवणारा जुन्या वळणात शिकलेला होता. पाटीचं वय त्यावरून ठरवू नये.

परत आल्यावर सातवं घर भरलं. अंग 'ल' चं, त्यावर सोंड: 'लै'. सोंड फक्त चौघांना लागते हे कळल्याने दुसरा पर्यायही तपासता आला. 'ळ' चं अंग बरंच वेगळं असतं आणि इथे जुळत नाही.

आता सहाव्याचाही निकाल लागला. 'सरलै' की 'सालै'? दुकानदारांना दोन्ही उच्चार सांगितले. पहिल्यावर त्यांनी मान हलवली, असा शब्दच नाही. दुसरा म्हणजे शाळा, शाला, कारखाना, रस्ता, जोडशब्दात काय म्हणाल ते. दुमडलेलं पान उघडलं. त्यावर ८ तारखेला 'पुस्तक-काहीतरी' लिहिलं होतं. मधली ओळ: पुत्तगसालै. पुस्तकांचं दुकान.

दुकानदार रस्ता ओलांडून ओट्यावर आले आणि आपल्याच दुकानाच्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. आता त्यांना ती वाचता येत होती. काय लिहिलंय हे कळल्यावर झिजलेल्या रेघाही दिसतात. ६ तारखेला मला वेलांटी दिसली होती तीही अशीच, म्हणून त्यांना दिसतंय हा पुरावा मी धरत नाही.

११ जानेवारी

खालची ओळ. उरलेले चार आकार. पहिला 'व', वर उजवीकडे वळलेली वेलांटी, म्हणजे 'वि'. तिसरा उघडी चौकट, 'प', आणि खाली उतरणारी रेघ नाही. शेवटच्याला सोंड, म्हणजे ण, न, ल, ळ यांपैकी एक. अंगात वेटोळी आहेत, तेव्हा ण किंवा न.

हे दोघं वेटोळी मोजून ओळखायचे. इथली मुलं त्यांना 'दोन सुळी न' आणि 'तीन सुळी ण' असंच म्हणतात, सुळी म्हणजे वेटोळं. फडक्याने गेली ती कड नेमकी याच अक्षराची. त्यामुळे आजच्या पत्र्यावर मोजणी शक्य नाही, ५ तारखेच्या फोटोवर करावी लागली. हिरव्या थरात दोन वेटोळी दिसतात. तिसऱ्याला जागाच नाही, कारण शेजारच्या 'प' पासूनचं अंतर बाकीच्या अक्षरांइतकंच आहे आणि तिसरं वेटोळं धरलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात. 'नै'.

दुसरा आकार झिजलेला, पण त्याची शेपटी खोल उतरते. तक्त्यात तो दुसरा, कठोर 'र' आहे. त्यावर पुळ्ळि असावी, जागा तिरप्या रेघांनी भरलेली आहे. वि-र्-प-नै. दुकानदारांना नुसती घरं दाखवली, त्यांनी वाचलं: विर्पनै, विक्री. पुळ्ळि दिसलेली नाही, ती शब्दावरून धरली आहे, आणि वहीत तसंच लिहून ठेवलंय.

या शब्दाच्या डावीकडे काय विकत होते ते गेलं. तिथे पत्राच चाळणी झालाय.

१२ जानेवारी

वाचन पुरं झालं असं म्हणण्याआधी एक पडताळा हवा होता, आणि तो पाटी न पाहिलेल्या माणसाकडून. इमारतीच्या मालकीणबाई मागच्या घरात राहतात. दुकानदारांना बजावलं की पुस्तकाचा 'प' सुद्धा तोंडातून काढायचा नाही. फक्त विचारायचं, "अम्मा, आमच्या आधी इथे कसलं दुकान होतं?"

त्यांनी भांड्यांच्या आधी शिलाई मशीनवाला सांगितला. त्याच्या आधी? मग म्हणाल्या, शाळेची पुस्तकं आणि वह्या. जूनमध्ये गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि दुकानदार पुस्तकांना खाकी कव्हर घालून द्यायचा. त्याचं नाव काय, दुकानाचं नाव काय, हे त्यांना आठवेना.

नाव वरच्या ओळीत असणार. दुपारच्या उन्हात आणि रात्री टॉर्चने तिच्यावर पुन्हा काम केलं. अगदी डावीकडे 'श्री' आहे, संस्कृतसाठीच्या 'ग्रंथ' नावाच्या लिपीतून आलेलं ते गुंतागुंतीचं अक्षर, एवढ्या वेढ्यांचं दुसरं काही तक्त्यात नाही म्हणून ओळखू आलं. त्यानंतर दोन उभ्या रेघा, मग भोक. दोन उभ्या रेघांवरून तमिळमध्ये डझनभर अक्षरं होऊ शकतात. दुकानदारांनी तीन-चार देवांची नावं सुचवली, सगळीच बसतात. म्हणजे एकही सिद्ध होत नाही. घरं रिकामी ठेवली.

१३ जानेवारी

पारदर्शक कागद लॅपटॉपच्या पडद्यावर धरून तिन्ही ओळी एकावर एक उतरवल्या: रंगात दिसलेलं काळ्या शाईने, फक्त उन्हात किंवा टॉर्चमध्ये दिसलेलं निळ्या शाईने, शब्दावरून धरलेलं लाल टिंबांनी. लाल फक्त एकच आहे, 'विर्पनै' मधली पुळ्ळि. पाटीची मापं आणि फोटोंच्या तारखा खाली लिहिल्या. एक प्रत दुकानदारांना दिली, एक मालकीणबाईंना.

दुकानदारांना नवा फ्लेक्स लावायचाच आहे, आणि तो जुन्या पत्र्यावरच ठोकायचा विचार होता. त्यांना दाखवलं की खिळा कुठेही मारला तरी सुटलेला रंग टवक्याने निघेल, आणि फ्लेक्स पत्र्याला चिकटून राहिला तर पावसाचं पाणी मध्ये अडकेल. त्यांनी सुताराला बोलावून मापं घेतली. लाकडी चौकट पत्र्याला न लावता भिंतीत बसवायची, पुढे चार बोटं अंतर सोडून, आणि खालून उघडी ठेवायची. सुताराने सोमवारची वेळ दिली आहे.